सीसी लिमिट ६० लाख, पण बँक म्हणते ४०.५० लाखच. सँक्शन लेटरमधलं हे गणित कुणी समजावेल का?

गोकुळशिरगावकर

मंडळी, आमचं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग आणायचं, टर्निंग-ड्रिलिंग करून पंपवाल्यांना आणि ट्रॅक्टर पार्टवाल्यांना द्यायचं. थोडं जॉबवर्कही असतं, त्यात कास्टिंग पार्टीचं आणि मजुरी आमची. यंदा बँक बदलली. नव्या बँकेनं ६० लाखांची कॅश क्रेडिट मंजूर केली. सँक्शन लेटर सगळं इंग्रजीत, अकरा पानं. मॅनेजर साहेबांनी बोट ठेवलं तिथं सह्या केल्या.

मागच्या आठवड्यात बँकेचे अधिकारी शॉप बघायला आले, स्टॉक बघितला, उधारीची यादी घेतली आणि गेले. सोमवारी फाउंड्रीला दिलेला ४ लाखांचा चेक परत आला. शाखेत गेलो तर म्हणाले, तुमची डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, ४०.५० लाख बसते, खात्यावर उचल ४६ लाख आहे, आधी साडेपाच लाख भरा.

लेटरमध्ये पुतणीनं शोधून काढलेलं वाक्य असं आहे : 'ड्रॉइंग पॉवर शॅल बी अलाउड अगेन्स्ट पेड स्टॉक आफ्टर २५ पर्सेंट मार्जिन, अँड बुक डेट्स नॉट ओल्डर दॅन ९० डेज आफ्टर ४० पर्सेंट मार्जिन.'

मी माझ्या परीनं हिशेब केला. माल ३६ लाखांचा, त्यातले २५ टक्के सोडले तर २७ लाख. येणं ५४ लाख, त्यातले ४० टक्के सोडले तर ३२.४० लाख. दोन्ही मिळून ५९.४० लाख. म्हणजे जवळपास लिमिटएवढं. मग बँकेनं १९ लाख कुठं घालवले?

सातपूरचा_वायरमन

दादा, मार्जिन म्हणजे बँकेत तेवढ्या रकमेची एफडी ठेवावी लागते. मला गॅरंटीसाठी १५ टक्के ठेवायला लावली होती. तुम्ही २५ टक्क्यांची एफडी ठेवली नसेल, म्हणून कापलं असणार. एफडी करून टाका, सुटेल.

मंजिरी_के

वायरमन, तुम्ही सांगताय ते बँक गॅरंटीचं मार्जिन. तिथं बँक रोख पैसे देत नाही, फक्त हमी देते, म्हणून रोख मार्जिन घेते. सीसीचं मार्जिन वेगळं. शंभर रुपयांच्या मालावर बँक पंचाहत्तरच देणार, उरलेले पंचवीस मालकाने स्वतःचे घालायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी एफडी करायला गेलात तर आधीच ताणलेल्या खात्यातून आणखी पैसे निघतील.

गोकुळशिरगावकर, मी बँकेत कर्ज विभागात होते, असली लेटरं पुष्कळ काढली आहेत. तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण मुळात जे आकडे घेतलेत ते बँक घेत नाही. चार गोष्टी सांगा, मग बोलू.

३६ लाखांच्या मालात जॉबवर्कचं कास्टिंग किती? टूल, इन्सर्ट, कटिंग ऑइल किती? फाउंड्रीचं आणि इतर पुरवठादारांचं देणं किती? आणि ५४ लाखांच्या येण्यात बिलाच्या तारखेपासून ९० दिवस उलटून गेलेलं किती?

गोकुळशिरगावकर

ताई, जॉबवर्कचं कास्टिंग अंदाजे ४ लाखांचं. टूल-इन्सर्ट वगैरे २ लाख. पुरवठादारांचं देणं सगळं मिळून १२ लाख. ९० दिवसांवरचं येणं ९ लाख, त्यातलं बरंचसं एकाच पंप कंपनीकडे अडकलंय.

मंजिरी_के

मग तुमचे १९ लाख सापडले.

जॉबवर्कचं कास्टिंग तुमच्या शेडमध्ये पडलेलं असलं तरी मालकी पार्टीची. दुसऱ्याच्या मालावर बँकेला ताबा सांगता येत नाही, म्हणून ते ४ लाख पहिल्यांदा बाहेर. टूल-इन्सर्ट विकून पैसे उभे राहत नाहीत, ते वापरून संपतात, म्हणून बऱ्याच बँका तेही धरत नाहीत. राहिला ३० लाखांचा माल.

आता 'पेड स्टॉक' बघा, तुमच्या वाक्यातला मोठा आकडा या दोन शब्दांत लपलाय. पेड म्हणजे ज्याचे पैसे तुम्ही चुकते केले आहेत तो माल. पुरवठादारांचं १२ लाख देणं बाकी आहे, म्हणजे ३० पैकी १२ लाखांचा माल पुरवठादारांच्या पैशावर उभा आहे. त्यावर बँक पुन्हा पैसे देणार नाही. ३० वजा १२ म्हणजे १८. त्याचे ७५ टक्के १३.५० लाख.

येण्यात ५४ मधून जुने ९ गेले, राहिले ४५. त्याचे ६० टक्के २७ लाख. साडेतेरा अधिक सत्तावीस, साडेचाळीस. बँकेचा आकडा बिनचूक आहे.

तुमच्या ५९.४० मधून प्रत्येकामुळे किती गेले तेही सांगते. जॉबवर्कमुळे ३ लाख, टूलमुळे दीड, पुरवठादारांमुळे ९ आणि जुन्या येण्यामुळे ५.४०. सगळं मिळून १८.९० लाख. पुरवठादारांची उधारी ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी गळती आहे.

गोकुळशिरगावकर

आता उजेड पडला. पण ताई, फाउंड्रीची उधारी वजा करतात हे उलटं नाही का? फाउंड्री ४५ दिवस थांबते म्हणून आमचा धंदा चालतो. त्याचीच शिक्षा?

मंजिरी_के

शिक्षा नाही, एकाच मालावर दोघांकडून पैसे घेऊ नयेत एवढंच. परत आलेला तो ४ लाखांचा चेक पास झाला असता तर काय झालं असतं ते बघा. खात्यावरची उचल ४ लाखांनी वाढली असती. पुरवठादारांचं देणं १२ वरून ८ वर आलं असतं, म्हणून डीपी ३ लाखांनी वाढली असती. फरक १ लाखाचा. तो १ लाख म्हणजेच तुमचं २५ टक्के मार्जिन, तो तुमच्या घरातून यायला हवा होता.

म्हणजे उधारी फेडल्याने डीपी वाढते, पण उचल त्याहून जास्त वाढते. उधारी फेडून डीपी सुधारू, असं कुणी सांगितलं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

हिशेबनीस_सांगली

मंजिरीताईंचं बहुतेक पटतं, एक दुरुस्ती सुचवतो. बऱ्याच बँका आधी मार्जिन कापतात आणि मग पुरवठादार वजा करतात. म्हणजे ३० चे ७५ टक्के साडेबावीस, वजा १२, राहिले साडेदहा. म्हणजे स्टॉकवरची डीपी साडेतेरा नाही, साडेदहा. उलट बँकेनं तुम्हाला ३ लाख जास्तच दिलेत, गप्प बसा.

आणि स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिलं तर घाबरायचं काही कारण नाही. रिझर्व्ह बँकेनं दंडव्याज बंद केलंय.

मंजिरी_के

हिशेबनीस, पहिल्या मुद्द्याला आधार आहे. काही बँका खरंच तसं करतात आणि ३ लाखांचा फरक पडतो. पण ते लेटरमध्ये काय लिहिलंय त्यावर ठरतं. यांच्या लेटरमध्ये 'पेड स्टॉक आफ्टर मार्जिन' आहे, म्हणजे आधी देणं वजा, मग मार्जिन. उद्या शाखेत नवा अधिकारी आला आणि त्यानं तुमच्या पद्धतीनं मोजलं, तर हे वाक्य दाखवून भांडता येईल. त्यासाठी पुतणीला त्या ओळीखाली पेन्सिल मारून ठेवायला सांगा.

दुसरा मुद्दा मात्र अर्धाच खरा. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं व्याजदरात दंड मिसळायला मनाई केली, पण दंड आकारायला नाही. आता तो 'पीनल चार्जेस' म्हणून वेगळा लागतो आणि त्यावर चक्रवाढ लागत नाही, एवढंच. स्टेटमेंट उशिरा गेलं तर लेटरमधला दंड लागणारच.

दंडापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्यावर दिलेली उचल अनियमित धरली जाते. ती अनियमितता सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए होऊ शकतं, मग तुम्ही व्याज दर महिन्याला भरत असलात तरी. उचल सलग ९० दिवस डीपीच्या वर राहिली तरी तेच. आज साडेपाच लाख जास्त आहे, म्हणून शाखा मागे लागलीय.

वस्त्रनगरी

आमची इचलकरंजीची वेगळीच तऱ्हा. माझी डीपी निघते ६८ लाख आणि लिमिट ५० लाख. वरच्या १८ लाखांचं काय? बँक म्हणते काही नाही. मग दर महिन्याला इतका हिशेब द्यायचा कशाला? एकदा ५० च्या वर गेलं की बास, असं नाही का?

मंजिरी_के

डीपी आणि लिमिट, दोन्हींत जे कमी ते उचलायचं. तुमच्याकडे लिमिट कमी आहे म्हणून तिथं थांबता. पण सुताचा भाव पडला किंवा व्यापाऱ्यांनी पैसे लांबवले की ६८ ची ४५ व्हायला दोन महिने लागत नाहीत. आणि डीपी वर्षभर लिमिटच्या पुष्कळ वर राहत असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी लिमिट वाढवून मागायला ती स्टेटमेंटं उपयोगी पडतात. सूत व्यापाऱ्याचं असेल तर ते तुम्ही धरत नाही ना?

वस्त्रनगरी

निम्मं आमचं, निम्मं मजुरीचं. त्या वहीत डोकावायला हवं.

नाद_खुळा_९

भावांनो, एवढं कशाला डोकं लावताय. स्टेटमेंटमध्ये तयार माल १० लाख आहे तो १८ लिहा, कोण मोजतंय? दोन पेट्या पुढे लावायच्या, मागं काय आहे ते कुणी बघत नाही.

मंजिरी_के

मोजलं म्हणूनच तर हा धागा निघालाय. शेडमध्ये येणाऱ्या माणसाला पेट्या मोजाव्या लागत नाहीत. तो महिन्याची विक्री, खरेदी आणि वीजबिल बघतो. स्टॉक ८ लाखांनी वाढला आणि खरेदी तेवढीच, विक्री तेवढीच, तर माल आला कुठून? जीएसटीची रिटर्न्स बँकेकडे असतात. आणि मार्चचं स्टेटमेंट ताळेबंदाशी जुळवतातच. तिथं फरक पडला तर खोटं स्टेटमेंट देऊन कर्ज उचलल्याचा ठपका येतो, मग नुसती लिमिट कापून भागत नाही.

गोकुळशिरगावकर

खोटं लिहायचं नाहीच. पण साडेपाच लाख आणायचे कुठून? एका ट्रॅक्टर पार्टवाल्याकडून ५ लाख येतायत, बिल ४० दिवसांचं. ते आले की साडेपाच मधले ५ सुटले, असंच ना?

मंजिरी_के

नाही, आणि लहान कारखानदार इथंच फसतात. ते ५ लाख आले की उचल ५ लाखांनी कमी होईल, पण ते बिल येण्याच्या यादीतूनही जाईल, म्हणून डीपी ३ लाखांनी कमी होईल. निव्वळ फायदा २ लाखांचा. नवीन बिलं काढली तर ती जागा भरते, पण तोवर डीपी खालीच राहते.

आता ९० दिवसांवरचं जुनं येणं बघा. ते डीपीत आधीच शून्य आहे. ते ९ लाख आले तर उचल पूर्ण ९ ने खाली येईल आणि डीपीला धक्काही लागणार नाही. ४६ ची ३७ होईल, डीपी साडेचाळीसच, उलट साडेतीन लाख मोकळे. म्हणून वसुलीचा फोन आधी जुन्याला करा, जो लवकर देणारा आहे त्याला नंतर. सगळे उलटं करतात, कारण लवकर देणारा फोन उचलतो.

पंप कंपनीचं नेमकं काय अडलंय?

गोकुळशिरगावकर

सांगतो. गाडी जाते त्या दिवशी आम्ही बिल करतो. माल त्यांच्या गेटवर उतरतो, पण तपासणी होऊन जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची पावती, बनायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यांचे ६० दिवस जीआरएनपासून. वर एका लॉटमध्ये बोअर ओव्हरसाइज म्हणून ४० पीस रिजेक्ट केले, त्यासाठी डेबिट नोट देतो म्हणाले आणि ती देईनात. ती येत नाही तोवर पूर्ण बिल अडवून ठेवलंय. रिजेक्शन ८० हजारांचं, अडकलेत ६ लाख.

मंजिरी_के

म्हणजे ६ लाखांत ५.२० लाखांचं भांडण नाहीच. डेबिट नोटची वाट बघू नका. ४० पीसची क्रेडिट नोट तुम्हीच काढा, सीएंना विचारून जीएसटीसकट, आणि उरलेल्या रकमेचं खात्याचं विवरण त्यांच्या अकाउंट्सकडे पाठवा. त्यांच्याकडून 'एवढं देणं मान्य' असा मेल आला तर बँकेलाही दाखवता येईल.

तुमची उद्यम नोंदणी असेल आणि लेखी करार असेल तरी पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. २०२३-२४ पासून आयकरातही ४३-बी-एच कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं या मुदतीबाहेर थकलं तर ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी त्यांना खर्च दाखवता येतो. मार्चच्या आधी त्यांचा अकाउंट्सवाला स्वतःहून हे विचारतो.

गोकुळशिरगावकर

उद्यम आहे, पण कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर जाईल की. ती कंपनी आमच्या धंद्याची निम्मी आहे.

हिशेबनीस_सांगली

कायद्याचं नाव न घेता मार्चमध्ये नुसतं विचारा, 'आमची बिलं तुमच्या थकीत यादीत आहेत का?' बाकी त्यांचे ऑडिटर बघतील. क्रेडिट नोटची कल्पना मात्र झकास आहे, माझ्या डोक्यात आली नव्हती.

अपर्णा_तळेगाव

मूळ प्रश्न भाषेचाही आहे ना? रिझर्व्ह बँकेनं आता 'की फॅक्ट स्टेटमेंट' ग्राहकाला कळेल त्या भाषेत द्यायला सांगितलंय. मराठीतच मागा, बँक नाही म्हणू शकत नाही.

मंजिरी_के

मागायला हरकत नाही, पण ते रिटेल कर्जं आणि एमएसएमईच्या मुदत कर्जांसाठी आहे. कॅश क्रेडिट त्यात येत नाही. नियम दाखवून भांडण्यापेक्षा शाखेकडून एक कागद मागा : त्यांनी काढलेल्या डीपीचा तक्ता. माल किती धरला, कोणता वगळला, देणं किती वजा, जुनं येणं किती. अकरा पानांपेक्षा तो एक कागद जास्त कामाचा. तो हातात आला की पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट त्याच क्रमानं भरा, दहा तारखेच्या आत.

आणि गोकुळशिरगावकर, एक गोष्ट मी आधीच विचारायला हवी होती. त्या १२ लाखांत टूल-इन्सर्टवाल्याचं किती आहे?

गोकुळशिरगावकर

वही बघितली. टूलवाल्याचं दीड आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं अर्धा, मिळून २ लाख. ते फाउंड्रीबरोबरच लिहीत आलोय.

मंजिरी_के

मग हे शाखेला लेखी सांगा. टूल मालात धरत नसतील, तर टूलवाल्याचं देणं मालातून वजा करणं न्यायाचं नाही. ट्रान्सपोर्टचंही तेच. फक्त मालाचे पुरवठादार धरले तर देणं १०, पेड स्टॉक २०, त्याचे ७५ टक्के १५. डीपी ४२ लाख. दीड लाखांचा फरक, तोही एकही रुपया न हलवता. पुढच्या स्टेटमेंटपासून मालाचे धनको आणि खर्चाचे धनको दोन वेगळ्या याद्यांत द्या.

वस्त्रनगरी

ताई, येण्यात जीएसटीसकट रक्कम धरतात की सोडून? आमच्या शाखेत मागच्या साहेबांनी सकट धरली, आताचे सोडून धरतात.

हिशेबनीस_सांगली

सकट. बिलाची रक्कम तीच येणार.

मंजिरी_के

माझ्या बँकेत सकट धरायचे, आणि मालाची किंमत मात्र जीएसटी सोडून, कारण त्याचं क्रेडिट मिळतं. पण दुसऱ्या बँकांत वेगळं बघितलंय. लेटरमध्ये नसेल तर शाखेकडून लिहून घ्या, साहेब बदलले की हिशेब बदलू नये म्हणून.

गोकुळशिरगावकर

अपडेट देतो. शाखेत गेलो, डीपीचा तक्ता मागितला. साहेब आधी नाही म्हणाले, मग संगणकावरून छापून दिला. ताईंनी मांडला तसाच आहे, ओळीला ओळ. टूलवाल्याचं देणं वेगळं काढायला तयार झाले, पण ट्रान्सपोर्टचा अर्धा लाख वजा करणारच म्हणतात, कारण वाहतूक खर्च मालाच्या किमतीत धरलाय. आता त्यावर काय म्हणायचं?

पंप कंपनीला क्रेडिट नोट पाठवली. अकाउंट्सनं 'बघतो' म्हटलंय. फाउंड्रीवाल्या अण्णांना जाऊन भेटलो, चेक पुन्हा टाकू नका, १५ दिवस द्या म्हणालो. अण्णा म्हणाले, आमचीही सीसी आहे, तुमचं बिल आमच्याकडे ९० च्या वर गेलं की आमचीही डीपी कापतात, तेवढं लक्षात ठेवा.

मंजिरी_के

ट्रान्सपोर्टचं साहेबांचं म्हणणं चूक नाही. आवक वाहतूक मालाच्या किमतीत धरली असेल तर तिचं देणं वजा होणार. तुमचं अर्धा लाख आवक कास्टिंगचं आहे की पंप कंपनीला माल पोचवल्याचं? जावक असेल तर ते मालाच्या किमतीत नसतं. बिलं काढून बघा.

गोकुळशिरगावकर

दोन्ही एकाच गाडीवाल्याचं आहे. जाताना माल, येताना कास्टिंग. बिल एकच करतो तो.